विनागियर स्कूटरपासून ट्रकपर्यंत: लायसनचे वर्ग आणि त्यांच्या चाचण्या

प्रश्न: माझे वय २२ आहे. अठराव्या वर्षी काढलेले विनागियर दुचाकीचे लायसन माझ्याकडे आहे. आता मोटारसायकल चालवायची आहे, वडिलांचा मालवाहू टेम्पो चालवायचा आहे आणि पुढे मोठा ट्रक चालवायचाही विचार आहे. प्रत्येकासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते का? टेम्पोला ‘टीआर’, म्हणजे लायसनवर परिवहन वाहनाची वेगळी नोंद, लागतेच असे एक जण सांगतो, लागत नाही असे दुसरा सांगतो.

उत्तर:

तुम्हाला आरटीओच्या दोन फेऱ्या कराव्या लागतील आणि त्या दोन फेऱ्यांमध्ये किमान एक वर्षाचे अंतर राहील. पहिल्या फेरीत गियरची मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन हे दोन वर्ग एकाच अर्जात मागा. त्यांच्या चाचण्या दोन होतील, पण शिकाऊ लायसन एकच निघेल. दुसऱ्या फेरीत परिवहन वाहनाचा वर्ग मिळेल आणि तोच ट्रकसाठी लागतो. वडिलांच्या टेम्पोचे नोंदणीकृत एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसेल, तर टेम्पोसाठी वेगळी परीक्षा नाही. हलक्या वाहनाची चाचणी पास झालात की तो टेम्पो तुम्हाला चालवता येईल. ड्रायव्हिंग स्कूल चालवताना गेली बावीस वर्षे हाच प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो, म्हणून कारणांसह लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १० वाहनांचे वर्ग ठरवते. लोक बोलताना स्कूटर, बाईक, कार, टेम्पो, ट्रक, बस अशी नावे घेतात, पण कायद्यात अशी नावे नाहीत. रोजच्या व्यवहारात ज्यांच्याशी संबंध येतो असे वर्ग चारच आहेत: विनागियर मोटारसायकल, गियरची मोटारसायकल, हलके मोटार वाहन आणि परिवहन वाहन. ‘सारथी’ संकेतस्थळावर हेच वर्ग MCWOG, MCWG, LMV आणि TRANS अशा खुणांनी दिसतात. याशिवाय दिव्यांगांसाठी फेरबदल केलेले वाहन आणि रोडरोलर असे आणखीही वर्ग आहेत, परंतु त्यांचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी असे चार स्वतंत्र वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही एकत्र करून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग केला गेला. जुन्या चालकांच्या तोंडी ‘हेवी’ हा शब्द अजून आहे तो त्यामुळेच, आणि आजच्या अर्जातील TRANS म्हणजे साधारणपणे त्यांचे ‘हेवी’.

आता दुचाकीकडे वळू. कायद्याचे सूत्र असे आहे की ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला आहे, त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी द्यायची. या नियमाला कलम ९ च्या पोटकलम ६ मध्ये एक परंतुक जोडलेले आहे आणि ते फार कामाचे आहे. गियरच्या मोटारसायकलवर चाचणी पास झालेली व्यक्ती विनागियर दुचाकीच्या चाचणीतही पास झाली, असे ते परंतुक मानते. म्हणजे गियरचे लायसन असणाऱ्याला स्कूटर चालवता येते. याच्या उलट मात्र होत नाही. तुमच्या लायसनवर आज केवळ विनागियर दुचाकी आहे, त्यामुळे मित्राची मोटारसायकल चौकापर्यंत जरी नेली, तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या वर्गाचे लायसन नसताना वाहन चालवत आहात. अठराव्या वर्षी स्कूटरची चाचणी सोपी वाटते म्हणून विनागियरचा वर्ग निवडायचा आणि चार वर्षांनी पुन्हा शिकाऊ लायसनपासून सुरुवात करायची, असे करणारी मुले माझ्याकडे प्रत्येक हंगामात येतात. अठरा पूर्ण झालेल्या आणि दोन्ही चालवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच वेळी MCWG निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गियर आणि विनागियर हा भेद कायद्याने फक्त दुचाकीत केला आहे, चारचाकीत केलेला नाही. ऑटोमॅटिक कारसाठी आपल्याकडे वेगळा वर्ग नाही. ती हलक्या मोटार वाहनातच येते आणि त्या एका लायसनवर क्लचची कारही चालवता येते. कायद्याने मुभा दिली असली, तरी ऑटोमॅटिकवर शिकलेल्या माणसाने क्लचची गाडी थेट रस्त्यावर काढू नये. टेम्पोला क्लच आहे, म्हणून तुम्ही क्लचच्या गाडीवरच शिका.

विजेच्या स्कूटरबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. जिची मोटर २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ती नियमांनुसार मोटार वाहनच ठरत नाही आणि तिला लायसन लागत नाही. त्यावरच्या क्षमतेची गियर नसलेली प्रत्येक विजेची स्कूटर विनागियर वर्गात येते. घरात सोळा-सतरा वर्षांचे भावंड असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलपुरते असते आणि त्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, त्यामुळे त्या लायसनवर त्या चालवता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. कॉलेजला जायला सोय म्हणून किल्ली देणाऱ्या पालकांना मी हे दरवेळी वाचून दाखवतो.

मोटारसायकलची चाचणी बहुतेक ट्रॅकवर इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावर घेतली जाते. पाय जमिनीला न टेकवता आणि रेषेबाहेर न जाता फेरी पूर्ण करायची असते. स्कूटरवर हे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांवर निभावते, पण मोटारसायकलवर निभावत नाही, आणि दोन वर्ग वेगळे ठेवण्याचे कारण तिथे उघड दिसते. वळण घट्ट झाले की वेग कमी करावा लागतो. वेग कमी केला आणि क्लच पूर्ण सोडलेला असला, तर इंजिन धक्के देते. घाबरून क्लच पूर्ण दाबला, तर चाकाला ओढ राहत नाही आणि गाडी एका बाजूला कलंडू लागते. क्लच अर्धा धरून, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून, मागचा ब्रेक हलकासा लावून गाडी चालण्याच्या वेगाने नेता आली पाहिजे. पडणारी मुले बहुतेक वेळा पुढच्या चाकाकडे पाहत असतात. वळणाच्या पलीकडे, जिथे जायचे आहे तिथे पाहिले की हात आपोआप तिकडे वळतात. हातवारे किंवा इंडिकेटर न देणे, मागे न पाहता निघणे आणि हेल्मेटचा पट्टा न लावणे या चुकांकडेही निरीक्षकाचे लक्ष असते. सरावाच्या काळात मोटारसायकलवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवू नका, कारण शिकाऊ लायसनवर तशी परवानगी नाही.

आता टेम्पोचा मुद्दा. तुम्हाला सल्ला देणारे दोघेही कधी ना कधी बरोबर होते, म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहिला पाहिजे. हलक्या मोटार वाहनाची व्याख्या कायद्याच्या कलम २ मध्ये आहे आणि ती पूर्णपणे वजनावर उभी आहे. मालवाहू वाहन किंवा बस असेल, तर तिचे भारासहित एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसावे. कार, ट्रॅक्टर किंवा रोडरोलर असेल, तर त्याचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसावे. या व्याख्येत बसणारा मालवाहू टेम्पो एकाच वेळी हलके वाहनही असतो आणि परिवहन वाहनही असतो. मग त्याला कारचे लायसन पुरते की वर परिवहनाची नोंद लागते, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अपघातानंतर चालकाकडे योग्य लायसन नव्हते असे सांगून विमा कंपन्या भरपाईची जबाबदारी नाकारत, म्हणून हा वाद केवळ कागदावर राहिला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळी नोंद लागत नाही असा निर्णय दिला आणि २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना तशा सूचना दिल्या. त्या निर्णयाविषयी पुन्हा शंका उपस्थित झाल्याने प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निष्कर्ष कायम केला: हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक मालाची वाहतूक यांसाठीच्या विशेष अटी मात्र तशाच राहिल्या. महाराष्ट्रात प्रवासी रिक्षा आणि टॅक्सीसाठी लागणारा बॅज हाही वेगळा विषय आहे, तो या निर्णयात मिसळू नका.

म्हणून आज संध्याकाळी वडिलांकडून टेम्पोची आरसी घ्या आणि तीवरील भारासहित एकूण वजनाचा आकडा पाहा. गाडीच्या आकारावर किंवा चाकांच्या संख्येवर जाऊ नका. या मर्यादेच्या आत राहाव्यात म्हणून कंपन्यांनी ७,४९० किलोच्या गाड्याही काढल्या आहेत. तशीच केबिन आणि तसाच हौदा असलेली पुढची गाडी दहा टनांच्या वर असू शकते. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला फरक कळणार नाही, पण पहिलीला LMV पुरते आणि दुसरीला TRANS लागते. आणखी एक चूक इथे वारंवार होते. समजा ट्रकचे रिकामे वजन ४,००० किलो आणि भारासहित एकूण वजन ११,००० किलो आहे. माल उतरवून रिकामा ट्रक परत आणायचा असला, तरी त्याचा वर्ग बदलत नाही, कारण कायदा त्या क्षणीचे वजन पाहत नाही, नोंदणीतील एकूण वजन पाहतो. ‘गाडी रिकामी होती’ हे उत्तर ना पोलिसांपुढे चालते, ना विमा कंपनीपुढे.

हलक्या वाहनाची चाचणी तुम्ही स्कूलच्या कारवर दिली तरी चालते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये चालकाने काय काय करून दाखवायचे याची यादी आहे. आरसा लावून घेण्यापासून ती सुरू होते आणि वरच्या गियरपर्यंत सुरळीत जाणे, खाली उतरणे, वळणे, ओव्हरटेक करणे, पादचाऱ्यांना वाट देणे, उलटे चालवत अरुंद जागेत शिरणे अशी पुढे जाते. पुण्यात भोसरीच्या आयडीटीआर ट्रॅकवर किंवा अन्यत्र कुठेही गेलात, तरी माणसे सर्वांत जास्त नापास होतात ती चढावर. चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा काढायची असते. हँडब्रेक ओढलेला ठेवा, पहिला गियर टाका, ॲक्सिलरेटर थोडा द्या आणि क्लच इतका सोडा की गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटेल आणि इंजिनाचा आवाज जड होईल. तो आवाज ऐकू आल्यावरच हँडब्रेक सोडा. आवाज बदलण्याआधी ब्रेक सोडला तर गाडी मागे येते आणि क्लच झटक्याने सोडला तर ती बंद पडते. भरलेला टेम्पो घाटात चढावर उभा करावा लागेल तेव्हा नेमके हेच कौशल्य लागणार आहे, म्हणून चाचणीपुरते उरकू नका.

दोन्ही वर्गांसाठीचा क्रम असा राहील. समजा २ जूनला तुम्हाला MCWG आणि LMV यांचे शिकाऊ लायसन मिळाले. तुमच्याकडे पक्के लायसन आधीच आहे, त्यामुळे वाहतूक चिन्हे आणि नियम यांवरची संगणकीय परीक्षा सहसा पुन्हा द्यावी लागत नाही. अगदी नव्याने येणाऱ्याला ती द्यावी लागते आणि तीत साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि किमान तीस दिवस झाल्यावरच पक्क्या लायसनची चाचणी देता येते. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्याची तारीख घ्या आणि मधल्या महिन्यात सराव पूर्ण करा. अर्ज भरताना मात्र वर्ग स्वतः तपासा. माझ्या एका विद्यार्थ्याचा अर्ज एका एजंटाने भरला होता आणि त्यात गियरऐवजी विनागियर नोंदवले गेले. मुलगा मोटारसायकल घेऊन ट्रॅकवर उभा राहिला तेव्हा ती चूक उघड झाली. शिकाऊ लायसनवर जो वर्ग नाही, त्याची चाचणी निरीक्षक घेऊ शकत नाही, आणि त्या मुलाला नवे शिकाऊ लायसन काढून पुन्हा तीस दिवस थांबावे लागले. चाचणीला नेलेल्या वाहनाचा विमा आणि पीयूसी चालू असली पाहिजे, हेही आदल्या दिवशी पाहून घ्या. एका वर्गात नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते.

ट्रकसाठीची अट इथून पुढे मोजली जाते आणि यात बरेच जण फसतात. परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन मिळण्यासाठी वय वीस पूर्ण असावे लागते आणि हलक्या मोटार वाहनाचे लायसन किमान एक वर्ष धारण केलेले असावे लागते. तुमच्या कार्डावर पहिल्यांदा लायसन दिल्याची जी तारीख आहे ती स्कूटरची आहे आणि ती इथे उपयोगाची नाही. कार्डाच्या मागे प्रत्येक वर्गासमोर त्याची स्वतःची तारीख असते. समजा तुमच्या LMV समोर ८ जुलै अशी तारीख पडली, तर पुढच्या वर्षी ८ जुलैनंतरच TRANS चा अर्ज करा. शिकाऊ लायसनचा काळ या वर्षात धरला जात नाही.

या वर्गासाठी शासनमान्य ड्रायव्हिंग स्कूलमधून प्रशिक्षण घेतल्याचे फॉर्म ५ मधील प्रमाणपत्र लागते आणि डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म १ए मध्ये लागते. आठवी पास असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकली आहे. जड वाहनाची गाडी ज्या स्कूलकडे खरोखर आहे आणि जी तुम्हाला तिच्यावर प्रत्यक्ष बसवते, तिथेच नाव घाला. फॉर्म ५ नुसताच हातात ठेवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, कारण कार आणि ट्रक यांच्या चालवण्यातला फरक कागदावर शिकता येत नाही.

तो फरक चाचणीत पहिल्या मिनिटाला दिसतो. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन सुरू करून हवेचा दाब काट्यावर पुरेसा चढेपर्यंत थांबावे लागते, आणि कारची सवय असलेला माणूस थेट गियर टाकायला जातो. मग येते डावे वळण. कारचे मागचे चाक जवळपास पुढच्या चाकाच्या मागोमाग येते. लांब गाडीचे मागचे चाक वळणाच्या आतून जाते, त्यामुळे कारसारखे वळवले की ते फुटपाथवर चढते किंवा खांबाला घासते. पुढचा भाग वळणाच्या पलीकडे बराच पुढे नेऊन मग स्टिअरिंग फिरवायचे, डाव्या आरशात मागचे चाक सतत पाहायचे आणि ते कडेपासून किती अंतरावर आहे यावरून वेग ठरवायचा. उलटे चालवताना मागे वळून पाहण्याचा उपयोग नसतो, दोन्ही आरशांवरच सर्व काम करावे लागते. उताराची परीक्षाही ट्रकमध्ये सर्वांत महत्त्वाची आहे. नियमातच उतारावर खालच्या गियरमध्ये त्वरेने येण्याचे कौशल्य सांगितले आहे. खंबाटकीसारख्या घाटात उतार लागण्याआधीच गियर खाली घ्यावा लागतो, कारण भरलेली गाडी वेगात आल्यावर गियर बसत नाही आणि केवळ ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून त्यांची पकड जाते. माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी रिकाम्या आणि मग भार टाकलेल्या गाडीवर उतार दाखवतो. थांबायला लागणाऱ्या अंतरातला फरक त्याने स्वतः पाहिला की पुढे फार सांगावे लागत नाही.

TRANS ची नोंद झाल्यावर तुमच्या कार्डावर दोन मुदती दिसतील. खासगी वर्गांची मुदत, तिशीच्या आत लायसन काढल्यास, वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत असते, तर परिवहन वर्गाची मुदत पाच वर्षांची असते. ट्रकचे काम थांबले आणि तुम्ही ती पाच वर्षांची मुदत संपू दिली, तरी मोटारसायकल, कार आणि ७,५०० किलोच्या आतला टेम्पो चालवण्याचा तुमचा हक्क पहिल्या मुदतीवर चालू राहतो. मात्र ट्रकवर बसण्याआधी दुसरी तारीख पाहून नूतनीकरण करावे लागेल, आणि त्या वेळी फॉर्म १ए मधील वैद्यकीय प्रमाणपत्र पुन्हा लागेल.